नोकरीची जाहिरात : माणसाचे वर्णन की कामाचे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात टेंभुर्णी येथे केलेले भाषण)



आज आपल्यापुढे मी एका अगदी छोट्या गोष्टीविषयी बोलणार आहे. वर्तमानपत्रात, दुकानाच्या काचेवर किंवा हल्ली मोबाईलवर "पाहिजे" म्हणून जो चार ओळींचा मजकूर येतो, त्याविषयी. आपल्यापैकी काहीजण तो मजकूर लिहिणारे आहेत, कारण टेंभुर्णीत दुकाने आहेत, कारखाने आहेत, ही संस्थाही आहे. बहुतेकजण मात्र तो वाचणारे आहेत. दोघांनाही त्याचे व्याकरण माहीत असलेले बरे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. १९७४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सूचनाफलकावर पुण्याच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती. तरुण, हुशार, मेहनती इंजिनियर पाहिजेत, असा तिचा आशय. आणि खाली बारीक अक्षरात, स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. तेथे शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहून विचारले की आपल्यासारख्या उद्योगसमूहाने असा भेद का करावा? त्यांना पुण्याला मुलाखतीस बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मुलाखतीत त्यांना सांगण्यात आले की कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रांजवळ आजवर बायका घेतलेल्या नाहीत, म्हणून ती ओळ.

लोक या गोष्टीत त्या मुलीच्या धीटपणाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र त्या बारीक ओळीकडे जाते. ती लिहिणाऱ्याने यंत्रांजवळचे कोणते काम बाईला जमणार नाही, हे कुठेही लिहिले नव्हते. "आजवर नव्हत्या" हीच पात्रतेची अट झाली. कामाची यादी समोर असती, तर ती ओळ कोणत्या कामापुढे लिहायची हा प्रश्न पडला असता आणि बहुधा ती गळाली असती. पुढे १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीत स्त्रियांबाबत भेद करण्यास मनाई केली, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही लिंगावरून भरतीत भेद न करण्याची तरतूद घेतली गेली. तरी पण आजही "मुलगा पाहिजे" अशी पाटी आपल्याला हायवेवर चालता चालता दिसते, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता आपल्या भागातले उदाहरण घेऊ. कंदर, टेंभुर्णी, इंदापूर या पट्ट्यात केळी परदेशी पाठवणारी पॅकहाऊसेस आहेत. अशा एका पॅकहाऊसला नोंदी ठेवणारा क्लार्क हवा आहे असे समजा. उदाहरण माझ्या कल्पनेतले आहे, पण जाहिरात आपण सर्वांनी वाचलेली आहे :

"पाहिजे : क्लार्क. स्मार्ट, होतकरू, चांगल्या घरातील मुलगा. वय २५ पर्यंत. अविवाहितास प्राधान्य. पदवीधर, इंग्रजीवर प्रभुत्व. मातृभाषा मराठी. स्वतःची मोटारसायकल आवश्यक. पडेल ते काम करण्याची तयारी."

यात माणसाविषयी पुष्कळ गोष्टी आहेत आणि कामाविषयी एकही नाही. "पडेल ते काम" हे काही कामाचे नाव नव्हे.

दुरुस्ती शब्दांपासून सुरू करू नये, कामापासून करावी. मालकाने किंवा व्यवस्थापकाने एक वही घेऊन आठवडाभर त्या टेबलाजवळ बसावे. आता जो माणूस ते काम करतो तो सकाळपासून काय काय करतो, ते क्रियापदांनी लिहावे : तोलतो, मोजतो, लिहितो, जुळवतो, कळवतो. "हिशोब सांभाळणे" असे गोळाबेरीज शब्द टाळावेत, कारण त्यात दहा मिनिटांचे कामही बसते आणि सहा तासांचेही. प्रत्येक कामापुढे ते किती वेळा होते आणि साधारण किती वेळ लागतो, तेही टिपावे. स्वतः काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. साहेबाला जे काम माहीतच नसते, नेमके तेच काम त्या माणसाचा अर्धा दिवस खात असते.

आपल्या क्लार्कची वही अशी निघेल. शेतातून गाडी आली की काट्यावर तिचे वजन घेऊन शेतकऱ्याचे नाव, प्लॉट आणि वेळ लिहायची. धुऊन, निवडून झाल्यावर नाकारलेल्या मालाचे वजन वेगळे लिहायचे. साधारण तेरा किलोच्या खोक्यांची संख्या लेबलशी ताडून पाहायची. निवडणाऱ्या, भरणाऱ्या बायकांची हजेरी घ्यायची आणि आठवड्याचा पगारपत्रक तयार करायचा. शीतगृहाचे तापमान तेरा-चौदा अंशांवर आहे ना, ते ठराविक वेळाने पाहून नोंदवायचे. कंटेनर भरताना खोक्यांची शेवटची मोजणी करायची, आणि हे काम आठवड्यातून एक-दोनदा रात्री उशिरापर्यंत चालते. शेतकऱ्याने "माझे वजन कमी का धरले" असे विचारले तर पावती दाखवून समजावायचे. हे शेवटचे काम कोणत्याच जाहिरातीत नसते, आणि माणूस टिकेल की पळेल हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

आता जुन्या जाहिरातीतली एकेक अट उचलायची आणि या यादीतील कोणत्या कामासाठी ती लागते असे विचारायचे. जोडीला काम सापडले तर अट राहील, नाहीतर खोडायची.

पदवी कोणत्या कामासाठी? बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि संगणकावर तक्ता भरणे यासाठी बारावी झालेली व्यक्ती पुरते. इंग्रजीवर प्रभुत्व? लेबलवरील आणि निर्यातीच्या कागदावरील ठराविक शब्द वाचता यावेत, इतकेच. मोटारसायकल? हे काम एका जागी बसून करायचे आहे; वेळेवर पोचणे ही खरी अट आहे, मग ती व्यक्ती एस.टी.ने येवो की सायकलने. स्मार्ट, चांगल्या घरातील, अविवाहित, यांच्यापुढे तर वहीत काहीच नाही. "चांगले घर" हा शब्द कोणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरतात, हे या सभागृहात मी समजावून सांगण्याची गरज नाही.

"मातृभाषा मराठी" या अटीजवळ मात्र जरा थांबतो. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलली जाते, आणि त्याच घरातली मुले मराठी शाळेत शिकून उत्तम मराठी लिहितात. अट "मातृभाषा" अशी घातली की ती जन्माविषयी होते. "मराठी चांगले वाचता-लिहिता येणे आवश्यक" अशी घातली की ती कौशल्याविषयी होते. मालकाला हवे असते दुसरे आणि तो लिहितो पहिले.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपले क्रियापदच लिंग सांगते. "उमेदवार अनुभवी असावा, तो मेहनती असला पाहिजे" असे लिहिले की न म्हणताही पुरुष ठरला. याला उपाय कठीण नाही. वाक्य माणसावर न बेतता कामावर बेतावे : "काट्याच्या नोंदी ठेवता येणे आवश्यक", "अनुभव असल्यास उत्तम". "मुलगा", "तरुण" यांऐवजी "व्यक्ती" किंवा "उमेदवार" म्हणावे आणि "असावा" टाळावे. "स्त्री-पुरुष कोणीही अर्ज करू शकते" ही ओळ घालावी, कारण पिढ्यान्‌पिढ्या "मुलगा पाहिजे" वाचलेल्या मुलीला ती ओळ दिसल्याशिवाय आपल्याला बोलावले आहे असे वाटत नाही.

काहीजण विचारतील, मग अट घालायचीच नाही काय? घालावी, पण ती कामातून यावी. मुलींच्या वसतिगृहात रात्री राहणारी अधीक्षक स्त्री असावी, ही अट कामातूनच येते. चालकाला परवाना लागतोच. अनुदानित शाळेतील पदांची पात्रता शासनाच्या नियमांनी ठरलेली असते. ती आपल्या मनाने कमी-जास्त करता येत नाही. उलट, जड काम आहे म्हणून "पुरुषच" असे लिहू नये. "तेरा किलोचे खोके दिवसातून अनेकदा उचलावे लागते" असे सरळ लिहावे. ते उचलायचे की नाही हे वाचणारी व्यक्ती ठरवील, पुरुष असो वा स्त्री.

तसेच कामाची गैरसोय लपवू नये. रात्रीची गाडी असते हे जाहिरातीत नाही आणि पहिल्याच आठवड्यात कळले, तर माणूस महिन्यात जातो आणि मालक म्हणतो, आजकालची पोरे टिकत नाहीत. नवी जाहिरात मी अशी लिहीन :

"केळी पॅकहाऊससाठी नोंदणी लिपिक. काम : काट्याच्या, खोक्यांच्या व तापमानाच्या नोंदी, कामगारांची हजेरी व पगारपत्रक, वजनाबाबत शेतकऱ्यांना माहिती देणे. बारावी, मराठी वाचता-लिहिता येणे, संगणकावर तक्ता भरता येणे आवश्यक. वेळ ९ ते ६. हंगामात आठवड्यातून एक-दोनदा रात्री १० पर्यंत, घरी पोचवण्याची सोय आहे. पगार व सुट्टी येथे लिहिल्याप्रमाणे. स्त्री-पुरुष कोणीही अर्ज करू शकते. निवड नोंदीच्या अर्ध्या तासाच्या लेखी चाचणीवर."

पगाराचा आकडा खरोखरच लिहावा. "योग्यतेनुसार" या शब्दाने घासाघीस न जमणाऱ्याचे नेहमी नुकसान होते.

एवढ्याने सगळे भागले असे मात्र मी म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी होती : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. बोलावणे येण्यात दलित आणि मुस्लिम नावे मागे पडली, मुस्लिम नावे अधिकच. म्हणजे जाहिरात निर्मळ असली तरी अर्ज उघडणाऱ्या हातात भेद राहू शकतो. म्हणून अर्जाचे पहिले पान, ज्यावर नाव, गाव आणि फोटो असतो, ते कारकुनाने काढून बाजूला ठेवावे, अर्जांना क्रमांक द्यावेत आणि चाचणीचे पेपर क्रमांकावरच तपासावेत. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. "लग्न कधी करणार" हा प्रश्न वहीतल्या कोणत्याच कामाशी जुळत नाही. आपल्या संस्थेतही हेच करावे, असे मी पदाधिकाऱ्यांना सुचवतो; आपल्याच माणसाच्या ओळखीने घेतलेला माणूस हाही भेदच असतो, फक्त तो आपल्याला टोचत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. मुलाखतीला जाल तेव्हा "दिवसभरात मला नेमके काय करावे लागेल, आणि माझे काम कोण पाहील?" असे अदबीने विचारा. मिळालेले उत्तर घरी येऊन लिहून ठेवा. नोकरी लागली तर नेमणूकपत्रासोबत कामाची यादी मागा. सहा महिन्यांनी ती यादी आणि तुमचा रोजचा दिवस शेजारी ठेवून पाहा. त्यात चार कामे वाढलेली दिसली, तर पगारवाढीचे बोलणे काढताना साहेबांपुढे तोच कागद ठेवता येईल.