सँपल पास करून घेताना

छोट्या कारखानदारांसाठी मला आज फार काही सांगायचं नाही, एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे, कारण ऐकताना सगळ्यांना पटते आणि कुरिअरचं पाकीट चिकटवताना कोणाला आठवत नाही. सँपल पाठवताना गिऱ्हाइकाला ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. कसं वाटलं याचं उत्तर ‘छान आहे’ एवढंच येतं. त्या ‘छान’वर आपण सूत उचलतो, रंगाई करतो, पाच हजार नग विणतो. मग माल परत येतो तेव्हा कळतं, की त्या ‘छान’मध्ये रंग होता पण वजन नव्हतं, किंवा स्पर्श होता पण धुलाई नव्हती.

सोलापूरच्या टॉवेलचंच उदाहरण घेऊ. समजा, गोव्यातल्या एखाद्या हॉटेलला पोहण्याच्या तलावाजवळ ठेवायला निळे टॉवेल हवे आहेत. माप 70 बाय 140 सेंटिमीटर, जीएसएम 500, म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅम. एका टॉवेलचं क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर, तेव्हा वजन 490 ग्रॅम. पाच टक्के इकडेतिकडे चालेल असं ठरलं, तर साधारण 465 ते 515 ग्रॅममधला नग पास. इथवर सगळे येतात, पण पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, की वजन करायचं कुठल्या हवेत? सुती टॉवेल हवेतला दमटपणा शोषून घेतो. एप्रिलमधल्या सोलापुरात आणि जुलैमधल्या पणजीत तोच टॉवेल तोलला, तर चारपाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे दिलेली सगळी सूट हवेनंच खाल्ली! त्यासाठीच प्रयोगशाळेत कापड आधी 27 अंश तापमानात आणि 65 टक्के आर्द्रतेत ठेवतात आणि मग तोलतात. तुमच्याकडे तशी खोली नसेल, पण वाद झाला तर कुणाचं वजन खरं मानायचं, हे सँपलसोबतच्या कागदावर आधी लिहिता येतं.

दुसरा प्रश्न, धुण्याआधी की धुतल्यानंतर? हॉटेलच्या लाँड्रीत टॉवेल गरम पाण्यातून निघून ड्रायरमध्ये जातो. लांबीत सहा टक्के आणि रुंदीत तीन टक्के आटला, तर 140चा तो एकशे साडेएकतीस झाला. हॉटेलवाला म्हणणार, टॉवेल आखूड दिलात. पण आता जीएसएम काढा. वजन तेवढंच धरलं तर आकसलेल्या क्षेत्रफळावर तो 500चा 548च्या आसपास जातो. तोच टॉवेल मापात नापास आणि जीएसएममध्ये ठरल्याहून जड! दोन्ही बाजू आपापल्या परीनं खऱ्या, कारण कुठल्या अवस्थेतला टॉवेल मोजायचा हे कागदावर कोणी लिहिलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट मऊपणाची, आणि इथे थोडं रागावूनच बोलतो. सँपल हाताला लोण्यासारखं लागावं म्हणून शेवटच्या फिनिशिंगला सॉफ्टनर सढळ हातानं घालतात. काही सिलिकॉनच्या सॉफ्टनरमुळे टॉवेल मऊ होतो खरा, पण पाणी नीट शोषत नाही. गिऱ्हाईक हात फिरवतं आणि खूश होतं, पण अंग कोरडं होत नाही हे त्याला पाहुण्यांच्या तक्रारींतून कळतं. म्हणून कागदावर साधी चाचणी लिहा: टॉवेलचा छोटा तुकडा पाण्यावर अलगद सोडायचा, इतक्या सेकंदांत बुडाला पाहिजे. एकदा कोरा असताना आणि एकदा तीन धुलायांनंतर. सेकंद किती, ते गिऱ्हाइकाशी बोलून ठरवा. पण ठरवा.

ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांना हे सगळं कधीच समजलेलं आहे. त्या शिंप्याला ‘चांगला शिवा’ एवढं सांगून थांबत नाहीत, मापाचा ब्लाउज देतात. वर सांगतात, बाही याच्याहून एक इंच मोठी, गळा एवढाच, आणि कापड धुऊन घ्या, आटेल. नेमकं हेच आपल्याला हवं आहे. फरक एवढाच, की मापाचा ब्लाउज एकच असतो आणि तो शिंप्याकडे पडून राहतो. इथे दोन नग लागतात, सहीचे, तारखेचे, सीलबंद. एक तुमच्याकडे, एक गिऱ्हाइकाकडे. तिसरा धुण्यासाठी. एकच नग गेला, तर तो एक तर धुतला जातो नाही तर कपाटात राहतो, दोन्ही कामं त्याच्याकडून होत नाहीत.

यावर लोक म्हणतात, मऊपणा आकड्यात कसा मांडणार? नाहीच मांडता येत, आणि तसा आव आणूही नये. तिथे सीलबंद नगच माप. ‘याच्याहून खरखरीत नको’ एवढं लिहिलं तरी पुरे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठं हॉटेल, छोटा कारखाना, इतके प्रश्न विचारले तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. भीती खरी आहे. म्हणून चाळीस प्रश्नांचं पुस्तक नको, एक पान पाठवा. माप, वजन, शोषण, रंग. प्रत्येकापुढे काय मोजायचं, कसं मोजायचं आणि कुठवर चालेल, आणि शेवटी तीनच उत्तरं: पास, अमुक दुरुस्ती करून पास, नापास. नापास असेल तर चारांपैकी कशात, तेही. खरेदी करणाऱ्या माणसालाही ‘मजा नाही आली’ असं लिहिण्यापेक्षा यात कमी कष्ट आहेत.

आणि कायदा विसरू नका. 1930चा माल विक्री कायदा, कलम 17. नमुन्यावरून विक्री झाली की सगळा माल नमुन्याच्या दर्जाचा हवा, गिऱ्हाइकाला ताडून पाहायची रास्त संधी हवी, आणि वाजवी तपासणीत न दिसणारा, माल विक्रीलायक न ठेवणारा दोष मालात नको. म्हणजे ‘तुम्हीच तर पास केलं’ हे वाक्य लपलेल्या दोषावर पुरेसं उत्तर नाही. त्यामुळे सँपल म्हणून कारखान्यातला सर्वांत देखणा नग पाठवण्यात हुशारी नाही. एका छोट्या भांड्यात रंगवलेली छटा मोठ्या यंत्रात तंतोतंत येत नाही. जे पाच हजार नगांत टिकवता येईल तेच पाठवा, आणि सूट तेवढीच मागा जेवढी तुमच्या यंत्रांना खरोखर लागते.

रंगाचं मात्र राहिलंच. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि साध्या धुलाईत पक्का असलेला रंग क्लोरीनमध्ये उडू शकतो. त्याची चाचणी वेगळी असते, करड्या पट्ट्यांशी ताडून एक ते पाच गुण देतात, पाच म्हणजे काहीच फरक नाही. चाराच्या खाली चालणार नाही, असं लिहून घ्या. छटा कुठल्या उजेडात बघायची तेही लिहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला निळा उन्हात जुळेलच असं नाही. आणि सही कोणाची? सही करतो खरेदी विभाग, वापरतं हाउसकीपिंग. दोघांच्याही घ्या, मुदतही घाला. उत्तरच आलं नाही तर ते पास धरायचं का, हा मोठा विषय आहे, माझ्या मते धरू नये, फोन करावा, पण वेळ संपल्याची खूण झाली आहे, थांबतो.