आईचं कन्नड कामी आलं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बाईंनी सांगितलं, "नोकरीबद्दल बोल." मी नोकरीच्या आधीच्या पंधरा दिवसांबद्दल बोलणार आहे, कारण आपल्यातल्या काहींच्या धाकट्या बहिणी आज त्याच जागी उभ्या आहेत.

डिसेंबर २०२३. मी शेवटच्या वर्षाला होते आणि बेंगळुरूच्या एका कंपनीकडून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र आलं. महिना वीस हजार. जेवताना मी घरात जाहीर केलं, "मी जाणार. सगळ्याच मुली जातात." पप्पा शांतपणे म्हणाले, "सगळ्यांचा बाप मी नाही." तिथं विषय संपला. चूक माझी होती. मी परवानगी मागितली नव्हती आणि माहितीही दिली नव्हती.

दोन दिवसांनी मी वही घेऊन बसले आणि दोघांना विचारलं, "नेमकी भीती कशाची?" पप्पांची भीती होती कंपनी खोटी निघण्याची आणि रात्रीच्या रस्त्याची. आईची वेगळीच होती: आजारी पडलीस तर उशाशी कोण? बाई भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहायला लावायच्या, तसंच केलं. प्रत्येक भीतीसमोर उत्तर लिहिलं, आणि ते खरं आहे की नाही हे पप्पा स्वतः कसं तपासतील तेही लिहिलं. हा तिसरा रकानाच महत्त्वाचा ठरला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असं कुठंच म्हणावं लागलं नाही.

कंपनीचं सोपं होतं. पत्रावरचा नंबर सोडून पप्पांनी कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर लावला आणि माझं नाव त्यांच्या यादीत आहे का ते विचारलं. कंपनीनं नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले नव्हते. मागितले असते तर मीच थांबले असते. पप्पांनी आणखी एक प्रश्न विचारला, तक्रार समितीत कोण आहे? २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात आणि दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. समोरच्या बाईंनी न अडखळता नावं सांगितली. पप्पांचा चेहरा तिथं पहिल्यांदा सैल झाला.

राहण्याचं अवघड होतं. फोटो बघून पीजीला आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, हे मी कागदावर लिहून ठेवलं होतं. पप्पांनी अट घातली की ते सोबत येणार. मिरजेहून राणी चन्नम्मानं सकाळी बेंगळुरूला उतरलो, स्टेशनवरूनच पर्पल लाइन मेट्रोनं कुंदलहळ्ळीला. ऑफिस तिथून तीन स्टेशनं पुढं, पट्टंदूर अग्रहारला. दुपारी दोन पीजी पाहिले. पहिला पंधराशेनं स्वस्त आणि झकास. पण मी रात्री परतणार असेन त्याच वेळी, साडेआठला, आम्ही मेट्रोपासून तिथवर पुन्हा चालत गेलो. दुपारी दुकानं उघडी असलेली गल्ली आता अर्धी अंधारी होती आणि मध्ये रिकामा प्लॉट. पप्पा काही बोलले नाहीत. नको असं मीच म्हणाले.

दुसरा साडेनऊ हजारांचा, मुख्य रस्त्याला लागून. दाराला आतून कडी, रात्री मालकीणबाई खालीच राहणाऱ्या, खाली उतरायचा जिना मोकळा. अनामत दहा हजार, त्यातले सोडताना किती कापणार आणि सूचना किती दिवस आधी द्यायची, हे पावतीवर लिहून घेतलं. न लिहून घेतल्यानं अनामत बुडालेली एक मुलगी मला पुढं तिथंच भेटली.

आईची भीती मात्र कागदावर मिटेना. आईचं माहेर अथणीचं. तिनं सरळ मालकीणबाईंना फोन लावला आणि कन्नडमध्ये अर्धा तास चौकशी केली. पाणी कधी येतं, जवळचा दवाखाना कुठला, ताप आल्यावर पेज कोण करून देणार. आमच्या योजनेतला हा सर्वांत पक्का भाग, आणि तो मला सुचलाच नव्हता!

फोनचा नियम असा ठरला: रोज नऊपर्यंत 'पोचले' एवढा एकच शब्द. नाही आला तर साडेनऊला मला फोन, मग रूममेटला, मग मालकीणबाईंना, आणि कुणालाच पत्ता नसेल तर पप्पांनी तिथल्या पोलीस ठाण्यात. तिथला नंबर आम्ही आधीच लिहून ठेवला होता, कारण ११२ लावला तर तो लागतो फोन करणाऱ्याच्या राज्यात. तासातासाला फोन करायचा नाही, हे दोघांनी कबूल केलं. मार्चमध्ये एकदा माझा मोबाइल बंद पडला. रूममेटही गावी गेलेली. नऊ चाळीसला मालकीणबाई दार ठोठावत होत्या, हातात त्यांचा फोन, "निम्म अम्मा." मी अभ्यास करत बसले होते. त्या रात्री आई माझ्याशी दोन मिनिटं बोलली आणि मालकीणबाईंशी वीस.

इंटर्नशिप जूनमध्ये संपली. त्या दोघींचं बोलणं अजून चालू आहे. गेल्या दिवाळीत आमच्याकडून तिकडं चकलीचा डबा गेला.