कल्पनेतले पंधरा कोटी



भोगावतीवरच्या ज्या धरणामुळे राधानगरी या गावाचे नाव राज्यभर झाले, त्याचे काम छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरे होते. पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. काम सुरू होऊन संपेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे गेली. दर पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की कोल्हापूरकरांना धरण आठवते. हिशेबनिसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. हे धरण थांबू शकणाऱ्या पैशावर उभे राहिले. दहा टक्के चक्रवाढ व्याजाने काढलेला एक रुपया चाळीस वर्षांत पंचेचाळीस रुपये होतो. बँकेच्या मुदत कर्जावर ही भिंत उभी करायला घेतली असती, तर पाणी अडण्याच्या आधी कर्जाने धरण गिळले असते.

थांबू शकणारा पैसा म्हणजे भागभांडवल आणि न थांबणारा पैसा म्हणजे कर्ज. प्रत्येक उद्योग या दोहोंच्या मिश्रणावर चालतो. या मिश्रणाचा एकत्रित दर म्हणजे भांडवलाचा भारित सरासरी खर्च. आपल्या व्यवसायात त्याला थोडक्यात ‘वॅक’ म्हणतात. तो काढणे अवघड नाही. कर्जाचा करबचतीनंतरचा दर घ्यायचा, भागधारकांना अपेक्षित असलेला दर घ्यायचा आणि ज्याचा भांडवलात जितका वाटा तितके वजन त्याला द्यायचे. मग पुढच्या वर्षांचा करोत्तर नफा या दराने आजच्या किमतीत आणला की कंपनीचे मूल्य मिळते. दर खाली आला की मूल्य वर जाते. नेमक्या याच जागी प्रकल्प अहवालांत सर्वांत महागडी चूक होते.

एक कारखाना समजा. व्याज व कर जाण्याआधी तो वर्षाला २० कोटी रुपये कमावतो आणि तेवढेच कमावत राहणार आहे. कर सोयीसाठी २५ टक्के धरू. सगळे भांडवल भागधारकांचे आहे आणि या धंद्यातली जोखीम पाहून ते १५ टक्के परतावा मागतात. कर जाऊन १५ कोटी उरतात. पंधरा टक्के दराने त्यांचे मूल्य १०० कोटी.

आता सल्लागार येतो. बँक दहा टक्क्यांनी पैसे देते, करबचत धरली तर ते साडेसात टक्क्यांनाच पडतात. भांडवलात ४० टक्के कर्ज घ्या, असे तो सुचवतो. साडेसात टक्क्यांना चाळीसचे वजन, पंधरा टक्क्यांना साठचे वजन, सरासरी आली बारा टक्के. पंधरा कोटींना बारा टक्क्यांनी भागले की १२५ कोटी. एकही टन ऊस जास्त न गाळता, एकही पोते जास्त न विकता मूल्य २५ कोटींनी वाढले!

या २५ कोटींपैकी १५ कोटी कल्पनेतले आहेत.

कर्ज आल्यावरही भागधारक पंधरा टक्क्यांवरच समाधानी राहतील, असे सल्लागाराने गृहीत धरले. ते राहत नाहीत. आता आधी बँकेच्या ४० कोटींवरचे ४ कोटी व्याज जायचे आणि मग उरलेले भागधारकांना. नफा २० वरून १५ कोटींवर आला, म्हणजे पाव हिश्शाने घटला, तर व्याज जाऊन १६ उरत होते तिथे ११ उरतात, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. कारखाना तोच आहे, पाऊस तोच आहे, पण भागधारकाच्या अंगावर येणारा झोका मोठा झाला. म्हणून तो जास्त मागतो. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ साली हे गणिताने मांडले: कर आणि दिवाळखोरीचा खर्च नसेल, तर कर्जाच्या स्वस्ताईने जे मिळते तेवढेच भागभांडवल महाग होऊन निघून जाते. १९६३ साली त्यांनी करामुळे पडणारा फरक दुरुस्त करून घेतला.

ती दुरुस्ती आपल्या कारखान्याला लावू. ४० कोटी कर्ज कायम राहिले तर दरवर्षी ४ कोटी व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि १ कोटी कर वाचतो. कर्जाइतक्याच जोखमीच्या या बचतीचे आजचे मूल्य दहा टक्क्यांनी १० कोटी. म्हणजे कंपनीचे मूल्य ११० कोटी. त्यातले ४० बँकेचे, ७० भागधारकांचे. भागधारकांच्या हाती वर्षाला १२ कोटी येतात, म्हणजे सत्तर कोटींवर सुमारे १७.१ टक्के. हीच त्यांची नवी अपेक्षा. सरासरी दर येतो सुमारे १३.६ टक्के, बारा नव्हे. जे दहा कोटी खरोखर वाढले ते सरकारने सोडलेल्या करातून आले. व्याज खर्च म्हणून वजा होते, लाभांश वजा होत नाही, एवढाच त्याचा उगम.

हा फायदाही अटींवर मिळतो. वजा करायला नफा असावा लागतो. शिवाय बँकेचे व्याज खर्चात धरायचे तर ते प्रत्यक्ष भरावे लागते; नुसते खात्यावर लागून चालत नाही, हे या सभागृहातल्या प्रत्येक करसल्लागाराला ठाऊक आहे. ज्या वर्षी कंपनी अडचणीत असते, त्याच वर्षी करबचत हातातून जाते. तिच्या आधारावर वाढवलेले मूल्यही त्याच वर्षी ओसरते.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्ष काय होते, ते पाहायला शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात जावे लागेल.

श्री रेणुका शुगर्सची स्थापना विद्या मुरकुंबी आणि त्यांचे पुत्र नरेंद्र मुरकुंबी यांनी १९९८ साली केली. आंध्रातला एक आजारी सरकारी कारखाना विकत घेऊन त्याची यंत्रसामग्री त्यांनी सौंदत्ती तालुक्यातल्या मुनोळीला आणून बसवली. २००५ साली कंपनीचे समभाग बाजारात आले. इचलकरंजीचा पंचगंगा कारखाना याच कंपनीने भाडेतत्त्वावर चालवायला घेतला, त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्याला ती परकी नाही. इथवरची वाटचाल हिंमतीची आणि कौतुकाची आहे.

मग कंपनी ब्राझीलला गेली. आधी पाराना राज्यातली वाले दो इवाई ही कंपनी आणि पाठोपाठ २०१० साली साओ पावलो राज्यातल्या इक्विपावचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा तिने घेतला. इक्विपावच्या ताळेबंदात आधीपासूनच मोठे कर्ज होते. त्या काळात जगात साखर महाग होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला तीस सेंटच्या वर होती. त्या भावावर हिशेब केला तर व्याज सहज सुटत होते.

पुढची चार-पाच वर्षे सगळे एकदम उलटे गेले. साखर उतरत उतरत २०१५ च्या ऑगस्टमध्ये पौंडाला दहा-अकरा सेंटवर आली. ब्राझील सरकारने पेट्रोलचे भाव दाबून ठेवल्याने इथेनॉललाही भाव मिळेना. २०१० मध्ये डॉलरला दोनहून कमी रियाल पडत, ते सप्टेंबर २०१५ मध्ये चारच्या वर गेले. ज्याच्या डोक्यावर डॉलरचे कर्ज होते त्याचे कर्ज स्थानिक चलनात दुपटीहून जास्त झाले. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर तेव्हा १४.२५ टक्के होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंगापूरच्या विल्मारशी भांडवलासाठी करार झाला. २०१५ साली ब्राझीलमधल्या उपकंपन्या न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेल्या. २०१८ साली भारतातल्या कर्जाची पुनर्रचना झाली, त्यातल्या काही कर्जाचे भागभांडवलात रूपांतर झाले आणि कंपनीची सूत्रे विल्मारकडे गेली.

यात कर्ज घेतले हीच चूक होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कर्ज आणि साखरेचा भाव एकाच दिशेने धोक्याचे होते, ही खरी गोष्ट. भाव पडला की नफा पडतो, व्याज तेवढेच राहते, आणि नेमका तेव्हाच पैसा महाग होतो. स्थिर कमाईच्या धंद्याला जितके कर्ज झेपते तितके साखरेला झेपत नाही. तसेच बेळगावच्या धंद्यासाठी काढलेला दर रियालमध्ये कमावणाऱ्या कारखान्याला लावता येत नाही. प्रत्येक प्रकल्पाचा दर त्याच्या स्वतःच्या जोखमीवरून ठरतो, मालक कोण यावरून नव्हे.

आपल्या कारखान्याकडे पुन्हा येऊ. कर्ज ८० कोटींवर नेले आणि बँकेने धोका ओळखून १३ टक्के लावले, तर व्याज १० कोटी ४० लाख होते. चांगल्या वर्षी २० कोटींतून ते निघते. एखाद्या हंगामात ऊस कमी आला, भाव पडला आणि नफा ८ कोटींवर आला, तर २ कोटी ४० लाख कमी पडतात. ४० कोटींच्या कर्जावर त्याच वाईट वर्षी व्याज देऊन ४ कोटी उरले असते. कमी पडलेले पैसे कुठून येतात, ते इथे सर्वांना माहीत आहे. ऊसबिले चौदा दिवसांत द्यायची असतात. ती थकली की त्यावर १५ टक्के व्याजाचा बोजा चढतो. तोडणी-वाहतूकदारांना उचल देता येत नाही, टोळ्या दुसऱ्या कारखान्याकडे जातात, गाळप घटते. कर्जाने मूळ धंद्याचीच कमाई कमी केली. सरासरी खर्चाच्या सूत्रात हा खर्च दिसत नाही, कारण सूत्र २० कोटी कायम धरून चालते.

सहकारी कारखान्यांत एक वेगळाच गैरसमज आहे. सभासदांच्या भागांवर लाभांशाला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो दिलाच जात नाही. म्हणून भागभांडवल फुकट, असे ताळेबंदाकडे पाहून वाटते. तसे नाही. राधानगरी तालुक्यातला शेतकरी बिद्रीला किंवा परितेच्या भोगावतीला भाग घेतो तो लाभांशासाठी नव्हे. आपल्या उसाची हमखास उचल व्हावी आणि दोन पैसे जास्त दर मिळावा, हा त्याचा परतावा असतो. तो परतावा नफ्यात दिसत नाही, ऊसदरात मिसळून जातो. भागभांडवलाचा खर्च शून्य धरून काढलेले सहकारी कारखान्याचे कोणतेही मूल्यांकन त्यामुळे फुगलेले असते.

परिषदेतल्या सहकाऱ्यांकडे एकच मागणी आहे. पुढच्या मूल्यांकन अहवालावर सही करण्याआधी त्यात दोन उत्तरे लिहावीत: कर्ज वाढवल्यावर भागधारकांचा अपेक्षित दर किती धरला, आणि गेल्या दहा हंगामांतल्या सर्वांत वाईट हंगामाच्या नफ्यातून नवे व्याज सुटते का. पहिले उत्तर कर्जाआधीच्या दराइतकेच असेल, किंवा दुसरे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर तो अहवाल परत करावा.