अंगावरून पांढरं जातं, तेव्हा डॉक्टरांनी काय विचारावं?

आज एका अशा तक्रारीबद्दल बोलू या, जी आपण बायका घरात हळू आवाजात सांगतो आणि दवाखान्यात त्याहून हळू. अंगावरून पांढरं जाणं. आपल्या मालवण-कट्ट्याच्या बाजूला एखादी बाई डॉक्टरांसमोर बसली, की एका दमात सांगते, "पांढरा जाता, कंबर मोडता, हातापायात बळ रवणा नाय." डॉक्टरांना या वाक्यातलं पहिलं तेवढं ऐकू येतं. ते जंतुसंसर्गाच्या गोळ्या लिहून देतात. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. हे असं का होतं, ते आज सांगते.

आपल्या शेजारी गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याच्या परिसरात, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारीचा नीट अभ्यास केला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्याच नव्हे, तर गावातल्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या सुमारे अडीच हजार बायकांशी ते बोलले आणि त्यांच्या तपासण्याही केल्या. शंभरातल्या चौदा-पंधरा जणींनी पांढरं जात असल्याची तक्रार सांगितली. मग तपासलं, की यांच्या अंगात खरोखर जंतू सापडतात का? तक्रारीचा संबंध संसर्गाशी थोडा होता, पण मनावरच्या ताणाशी, उदासीशी आणि अंगभर दुखण्याच्या इतर तक्रारींशी पुष्कळ जास्त होता. म्हणजे तक्रार करणाऱ्या अनेकींना संसर्ग नव्हताच, आणि ज्यांना संसर्ग होता त्यांतल्या अनेकींनी तक्रारच केली नव्हती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या बायकांना विचारलं गेलं, "तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे होतं?" शंभरातल्या सदतीसजणींनी उत्तर दिलं, काळजी आणि मनाचा त्रास. पस्तीसजणी म्हणाल्या, अंगातली उष्णता. तीसजणी म्हणाल्या, संसर्ग. म्हणजे आपल्या दुखण्याचा मनाशी संबंध आहे हे बायकांना ठाऊक असतं. पण दवाखान्यात ते आपणहून कुणी सांगत नाही, आणि विचारतही कुणी नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे पूर्वापार समज आहे, की अंगातून बाहेर जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबरोबर शरीराचं सत्त्व जातं, हाडं झिजतात. पुरुषांमध्येही अशीच समजूत आहे. धातू गेला की ताकद गेली, असं ते म्हणतात. त्या काळजीने खंगणाऱ्या पुरुषांच्या त्रासाला डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. अशा दुखण्यांना पुढे 'संस्कृतिबद्ध आजार' म्हणू लागले, म्हणजे एखाद्या समाजातच दिसणारे. पण या नावात एक खोट होती. त्यामुळे वाटायचं, की साहेबाच्या देशात असतो तो खरा आजार आणि आपल्याकडे असते ती विचित्र समजूत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या मार्गदर्शक ग्रंथाच्या 2013 सालच्या आवृत्तीत हा शब्द बाजूला ठेवला. त्याऐवजी ते म्हणू लागले, की प्रत्येक समाजात त्रास सांगण्याची आपली एक भाषा असते. रुग्णाची ती भाषा समजून घेण्यासाठी त्याच ग्रंथात सोळा प्रश्नांची एक मुलाखतही दिली आहे.

आणि ही शरीराची भाषा काही आपल्याच बायकांची नाही. चौदा देशांतल्या दवाखान्यांचा एक अभ्यास 1999 साली आला. त्यात आपलं बंगळूरही होतं. उदासीचा आजार असलेल्या शंभरातल्या एकोणसत्तर रुग्णांनी डॉक्टरांकडे फक्त शरीराच्या तक्रारी नेल्या होत्या. पण मनाबद्दल सरळ विचारल्यावर नाही म्हणणारे फक्त अकरा निघाले. म्हणजे त्यांना मनाचं सांगता येत नव्हतं असं नाही. दवाखान्यात दुखणं सांगायचं असतं, मन नाही, असं त्यांना वाटत होतं.

मग चांगला डॉक्टर काय करतो? एक उदाहरण घेऊ. ही कुणा एकीची गोष्ट नाही, अनेकींच्या गोष्टींतून जुळवलेली आहे. बाई चौतीस वर्षांची. नवरा गोव्यात कामाला, महिन्यातून एकदा येतो. घरात सासू, दोन मुलं, आणि होडीसाठी काढलेलं कर्ज. सहा महिन्यांत जंतूंच्या गोळ्यांचे तीन कोर्स झालेत.

पहिली पायरी म्हणजे तक्रार खरी मानायची. आधी रंग, वास आणि खाज विचारायची. फाटलेल्या दुधासारखं जातं आणि फार खाज येते, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. मासळीसारखा वास आणि पातळ करडं पाणी असेल, तर तिथल्या नेहमीच्या जंतूंचा समतोल बिघडलेला असू शकतो. ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त, पाण्याला रक्ताची छटा, यांतलं काहीही असेल तर आतली तपासणी टाळायची नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अशाच खुणांनी सुरू होऊ शकतो.

आमच्या या बाईला यातलं काही नव्हतं. तरीही डॉक्टरांनी तपासलं. कागदाच्या पट्टीवर तिथली आम्लता बघितली, ती नेहमीसारखी होती. हिमोग्लोबिन 11.2 निघालं, म्हणजे थोडं कमी. साखर ठीक होती. पाणी जात होतं ते रोजचं, निरोगी. पाळीच्या मध्यावर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जातं, पाळीच्या आधी दाट होतं, आणि कपड्यावर वाळलं की पिवळसर दिसतं. त्यातून ताकद जात नाही.

इथे बरेच डॉक्टर दोनांपैकी एक चूक करतात. एक म्हणतो, "घ्या चौथा कोर्स." दुसरा म्हणतो, "तुम्हाला काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे." पहिल्या चुकीने नुकसान होतं, कारण जंतूंच्या गोळ्या तिथले चांगले जंतूही मारतात आणि मग बुरशी वाढून खरोखरच खाज सुटू शकते. शिवाय 'संसर्ग' हा शब्द घरी गेला, की संशय सुरू होतो. नवऱ्याने बाहेरून आणलं, की बायकोने? खरं तर बुरशीचं हे नेहमीचं दुखणं कुणी बाहेरून आणलेलं धरलं जात नाही. दुसऱ्या चुकीने बाई गप्प होते. दुखणं तिला खरोखर होत असतं, आणि डॉक्टरने तिला खोटं ठरवलेलं असतं.

आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं. मग विचारलं, "बाय, तुला काय वाटतं, हे कशानं होतं? आणि याची सगळ्यात जास्त भीती कसली वाटते?" बाई म्हणाली, "हाडा झिजतली आणि मी आडवी पडलंय तर पोरांका कोण बघतला?" पुढे झोपेबद्दल विचारलं. "झोप येणा नाय. जीव थाऱ्यार नाय." मग डॉक्टरांनी दोन साधे प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न, निराश वाटतं का? नेहमीच्या आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? दोन्हींना हो आलं. म्हणून त्यांनी पुढचाही प्रश्न विचारला, जो विचारायला लोक घाबरतात: जीव नकोसा वाटतो का? हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसा विचार भरत नाही. आणि घरी कुणी हात उगारतं का, हेही विचारलं, कारण अंगदुखीमागे मारही असू शकतो.

ती म्हणाली, मार नाही, मरायचंही नाही. कर्जाचा हप्ता चुकला होता आणि नवऱ्याचा फोन येणं कमी झालं होतं. डॉक्टरांनी जंतूंच्या गोळ्या दिल्या नाहीत. लोहाच्या गोळ्या दिल्या, कारण तेवढी कमतरता खरी होती. पांढरं पाणी कसं बदलतं ते चित्र काढून समजावलं, आणि म्हणाले, "काळजीनं झोप जाते. झोप गेली की कंबर, हातपाय सगळं दुखतं, बळ राहत नाही. हे तुझं खरं दुखणं आहे. त्यावर उपचार आहे." समुपदेशकाची गाठ घालून दिली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं.

परत बोलावणं ही शेवटची पायरी, आणि सगळ्यात जास्त तीच सुटते. दुसऱ्या भेटीतच कळतं, की आधीचा अंदाज बरोबर होता का. झोप सुधारली आणि अंगदुखी कमी झाली, तर वाट बरोबर आहे. ताप आला, रक्त दिसलं, वजन उतरू लागलं, तर पुन्हा शरीर तपासायचं. 'मनाचं आहे' हा निकाल कायमचा लावायचा नसतो. उदासी असलेल्या बाईलाही क्षय होतो, कॅन्सर होतो.

अशा समुपदेशनासाठी मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यातच 'मानस' नावाच्या प्रयोगात गावातल्या साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या जोडीने केलं. 2010 साली त्याचा निकाल आला. सरकारी केंद्रांत असे कार्यकर्ते होते तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे सहासष्ट रुग्ण बरे झाले. जिथे नव्हते तिथे सुमारे बेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

मैत्रिणींनो, डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगायचं. दवाखान्यात गेल्यावर दुखणं सांगून झालं, की त्याच दमात म्हणा, "आणि झोपही लागत नाही, मनात काळजी आहे." आधी कितीदा, कोणत्या गोळ्या घेतल्या ते कागदावर लिहून न्या. एकटीने बोलायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, तो तुमचा हक्क आहे. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. घरी मारहाण होत असेल तर 181 लावा. आणि शेजारीण म्हणाली, "बाय, पांढरा जाता, बळ रवणा नाय," तर तिला डॉक्टरकडे न्याच. पण वाटेत चालता चालता एवढं विचारा, "गो, झोप लागता मा तुका?"