कूपनाविना सवलत: कार्डाशी जोडलेल्या ऑफरचे काम कसे चालते

कार्डाशी जोडलेली ऑफर बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर दिसते. ग्राहक त्या ऑफरवर एकदा बोट ठेवून ती आपल्या कार्डाला जोडून घेतो. नंतर तो दुकानात जातो, नेहमीसारखी खरेदी करतो आणि त्याच कार्डाने बिलाची पूर्ण रक्कम भरतो. गल्ल्यावर कूपन दाखवावे लागत नाही, कुठला कोडही सांगावा लागत नाही. बहुतेक वेळा गल्ल्यावरच्या माणसाला त्या ऑफरचा पत्ताही नसतो. काही दिवसांनी कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये सवलतीची रक्कम स्वतंत्र ओळीत जमा झालेली दिसते.

हिच्यासारखीच दिसणारी आणखी एक सवलत आहे आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. सणासुदीला दुकानात ‘अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के तात्काळ सूट’ अशी पाटी लागते. तिथे स्वाइप मशीन कार्ड क्रमांकाचे पहिले सहा किंवा आठ आकडे पाहून बँक ओळखते आणि रक्कम जागच्या जागी कमी करते. त्यात आधी काही जोडावे लागत नाही आणि हिशेब मशीनवरच संपतो. कार्डाशी जोडलेल्या ऑफरचा हिशेब मात्र दुकानाबाहेर, पैशांच्या मागोमाग चालतो.

कार्ड मशीनला लावले की दुकानदाराच्या बँकेकडून एक छोटा संदेश निघतो. तो व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचतो. त्याचा साचा जगभर जवळपास सारखा असतो. त्यात कार्ड क्रमांक, रक्कम आणि वेळ असते. दुकानाचा व्यवसाय सांगणारा चार आकडी संकेत असतो, तसेच चाळीस अक्षरांच्या जागेत मावेल एवढे दुकानाचे नाव आणि गाव असते. ऑफरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो दुकानाचा ओळखक्रमांक. त्यासाठी पंधरा अक्षरांची जागा राखलेली असते आणि दुकानदाराला मशीन देतानाच त्याची बँक तो ठरवते. पावतीवर तो ‘एमआयडी’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. त्याच्या शेजारी ‘टीआयडी’ म्हणून असतो तो त्या एका मशीनचा क्रमांक.

ऑफर देणारी दुकानसाखळी आपल्या सर्व शाखांच्या ओळखक्रमांकांची यादी आधीच बँकेला, जाळ्याला किंवा मधल्या कंपनीला देते. त्यानंतरचे काम फक्त जुळवणीचे असते. ऑफर जोडलेल्या कार्डांवरचे व्यवहार आले की दुकानाचा क्रमांक यादीत आहे का, रक्कम अटीइतकी भरते का, तारीख मुदतीत आहे का आणि हा लाभ आधी घेतला गेला आहे का, एवढे तपासले जाते. चारही गोष्टी जमल्या की जमेची नोंद तयार होते. अमेरिकेत २००८ साली स्थापन झालेली कार्डलिटिक्स ही कंपनी बँकांसाठी हेच मधले काम करते. तिला खातेदाराच्या नावाऐवजी सांकेतिक ओळख मिळते आणि ती ओळख कोणत्या माणसाची, हे बँकेलाच ठाऊक असते. सवलतीचा खर्च सहसा दुकानसाखळी उचलते, आणि विक्री झाल्याचे सिद्ध झाल्यावरच उचलते. त्यामुळे जाहिरातीचा पैसा वाया जाण्याची भीती तिला कमी असते. बँकेला त्यात वाटा मिळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कापडाच्या दुकानसाखळीची ऑफर अशी आहे: एकाच व्यवहारात ४,००० रुपये किंवा त्याहून अधिक खर्च केल्यास ५०० रुपये परत, लाभ एकदाच, मुदत महिनाअखेरपर्यंत. दादरच्या शाखेत शनिवारी संध्याकाळी ४,६५० रुपयांची खरेदी होते. त्या क्षणी कार्ड देणारी बँक फक्त मंजुरी देते आणि तेवढी रक्कम राखून ठेवते. रात्री दुकानातले मशीन दिवसभराचे व्यवहार एकत्र करून पाठवते आणि दोन-तीन दिवसांत बँकांमध्ये प्रत्यक्ष देणेघेणे होते. ऑफरची पक्की जुळवणी सहसा या दुसऱ्या टप्प्यावर होते, कारण मंजुरी रद्द होऊ शकते आणि तिची रक्कम बदलूही शकते. काही बँका मंजुरी मिळताच ‘ऑफर लागू झाली’ असा संदेश पाठवतात, पण ५०० रुपयांची नोंद त्यानंतर काही दिवसांनी, काही ऑफरमध्ये काही आठवड्यांनी होते. किती दिवसांत, ते ऑफरच्या अटींत लिहिलेले असते.

याच खरेदीची दोन बिले झाली असती, एक २,४०० रुपयांचे आणि एक २,२५० रुपयांचे, तर बेरीज तीच राहूनही काही मिळाले नसते. ३,००० रुपये कार्डाने आणि उरलेले रोख दिले असते तरी तेच झाले असते, कारण संदेशात केवळ ३,००० हा आकडा गेला असता. बिलावरचा आकडा बँकेला कधीच दिसत नाही. तिला दिसतो तो कार्डावरून गेलेला आकडा. म्हणूनच किराणा दुकानात अमुक साबणावर किंवा अमुक तेलावर अशी ऑफर या पद्धतीने सहसा देता येत नाही. साध्या संदेशात वस्तूंची यादीच नसते.

सवलत हुकते ती बहुधा दुकानाच्या ओळखीपाशी. ग्राहक पाटी वाचतो, जुळवणी ओळखक्रमांक वाचते, आणि या दोहोंत अंतर पडते. मोठ्या मॉलमधल्या दालनात एखाद्या ब्रँडचा कोपरा असतो. वर त्या ब्रँडचे ठळक नाव असते, पण पैसे दालनाच्या सामायिक गल्ल्यावर भरले जातात. संदेशात ओळख दालनाची जाते आणि ब्रँडची ऑफर लागू होत नाही. हॉटेलचे जेवण घरपोच मागवणाऱ्या ॲपवरून घेतले की पैसे घेणारा ‘दुकानदार’ ते ॲप ठरते, हॉटेल नाही. साखळीतली एखादी शाखा स्वतंत्र मालकाकडे चालवायला दिलेली असली तर तिचा क्रमांक मूळ यादीत नसण्याचीही शक्यता असते. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दुकानदाराने बँक बदलून नवे मशीन घेणे. दुकान तेच, गल्ला तोच, पण ओळखक्रमांक नवा असतो, आणि यादी सुधारेपर्यंत त्या मशीनवरचा व्यवहार कुणाच्याच हिशेबात येत नाही. गल्ल्यावर दोन मशीन असतील तर एकावर ऑफर लागते आणि दुसऱ्यावर लागत नाही, असेही होऊ शकते.

महाराष्ट्रात आज गल्ल्यावर सर्वांत आधी पुढे येतो तो क्यूआर कोड, आणि इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बचत खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर कार्ड वापरलेच जात नाही, त्यामुळे कार्डाची ऑफर लागण्याचा प्रश्न येत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले तर खर्च कार्डावर पडतो, पण संदेश वेगळ्या वाटेने जातो आणि दुकानाची ओळखही वेगळी असू शकते. ऑफरच्या अटींत अशा व्यवहाराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यावर विसंबू नये, कार्ड मशीनलाच लावावे. अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्यांना असाच एक अनुभव येतो. तिथे डेबिट कार्डाने पिन टाकून पैसे दिले की व्यवहार अनेकदा व्हिसा-मास्टरकार्डऐवजी दुसऱ्याच डेबिट जाळ्यातून जातो. व्हिसा-मास्टरकार्डच्या जाळ्यावर नजर ठेवून सवलत देणाऱ्या ॲपला तो व्यवहार मग दिसत नाही. तोच व्यवहार ‘क्रेडिट’ हा पर्याय निवडून केला तर दिसतो. भारतात पिन टाकल्याने असा फरक पडत नाही.

मंजुरी आणि प्रत्यक्ष देणेघेणे यांतले अंतर हॉटेलात जास्त जाणवते. महाबळेश्वरच्या हॉटेलात २८ तारखेला खोली घेताना कार्डावर काही रक्कम राखून ठेवली जाते आणि खरा व्यवहार २ तारखेला खोली सोडताना होतो. ऑफरची मुदत ३० तारखेला संपत असेल तर मुक्काम मुदतीत सुरू होऊनही सवलत हातची जाऊ शकते. अशा वेळी मुदतीच्या आतच बिल भरण्याची सोय हॉटेलकडे विचारून घेणे बरे.

जमा झालेली रक्कम कायमची असतेच असे नाही. दादरच्या त्या खरेदीतला ९०० रुपयांचा सदरा आठवड्याने परत केला आणि पैसे कार्डावर उलटले, तर उरलेली खरेदी ३,७५० रुपयांची राहते. ती अटीखाली येत असल्याने दिलेले ५०० रुपये बँक परत वळते करून घेऊ शकते. त्याऐवजी सदरा बदलून तेवढ्याच किमतीचा दुसरा घेतला तर कार्डावर नवी नोंद पडत नाही आणि सवलतीला धक्का लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आणखी एक जपावे. जमा झालेले ५०० रुपये एकूण देणे कमी करतात, पण बँका सहसा ते किमान देय रकमेचा भरणा म्हणून धरत नाहीत. ठरलेल्या तारखेला भरायची रक्कम वेगळी भरावीच लागते, नाही तर विलंब शुल्क पडते आणि मिळालेली सवलत त्यातच जाते.

सांगितलेल्या मुदतीत रक्कम आली नाही तर आधी ॲपमध्ये ती ऑफर खरेदीच्या आधी जोडली होती का, आणि पैसे त्याच कार्डाने दिले होते का, हे पाहावे. घरात एकाच बँकेची दोन कार्डे असली की इथेच चूक होते. मग स्टेटमेंटमधले दुकानाचे नाव पाहावे. ते पाटीवरच्या नावाहून अगदी वेगळे असेल तर घोटाळा ओळखीचाच असण्याचा संभव मोठा. बँकेकडे तक्रार करताना नुसते बिल पुरत नाही. मशीनमधून निघालेली पावती लागते, कारण एमआयडी, टीआयडी आणि ‘आरआरएन’ हा बारा आकडी संदर्भक्रमांक तिच्यावरच असतो. या तीन क्रमांकांवरून बँकेला नेमका व्यवहार सापडतो आणि दुकानाचा क्रमांक यादीतून सुटला असेल तर तेही कळते. ही पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते आणि काही आठवड्यांत पुसट होऊ लागते, म्हणून दुकानातून बाहेर पडतानाच तिचे छायाचित्र काढून ठेवावे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्या तक्रारीसोबत पावतीचे छायाचित्र आणि ऑफर जोडल्याचा ॲपमधला पुरावा द्यावा.