जांभळी जिभेचा बंड्या

आम्ही अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळ गावच्या बचत गटातल्या बायका. पापड, मसाले आणि गोधड्यांविषयी या कार्यक्रमात तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. आमचं काम थोडं निराळं आहे. बदलापूर, अंबरनाथच्या सोसायट्यांमध्ये मुलांचे वाढदिवस होतात, तिथे आम्ही बाहुल्यांचा खेळ करतो. खेळ वीस मिनिटांचा, माणसं दोन, मुख्य बाहुली एकच.

सुरुवात मात्र अशी नव्हती. पहिल्या वेळी आम्ही सात बाहुल्या शिवल्या, पस्तीस मिनिटांची गोष्ट लिहिली आणि आवाज आधीच मोबाईलवर भरून ठेवला. कापड, रंग आणि छोटा स्पीकर घ्यायला गटातून दोन हजार रुपये उचलले. आमच्यातल्याच एका ताईच्या ओळखीत वाढदिवस होता. पडद्यामागे तिघी एकमेकींच्या कोपरांवर आदळत होतो, मोबाईलवरचा आवाज पुढे जात होता आणि बाहुली मागे राहत होती. दहा मिनिटांत मुलं उठून फुगे फोडायला गेली. एका पोराने पडदा वर करून आम्हाला विचारलं, "तुम्ही इथे काय करताय?" घरच्यांनी पैसे दिले, चहाही दिला, पण पुढच्या वर्षी या, असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या बैठकीत दोन हजारांचा विषय निघाला तेव्हा आम्ही माना खाली घालून बसलो होतो.

मग विचार केला, चुकलं कुठे? अर्धवटराव आपण सगळ्यांनी पाहिलाय. यशवंत पाध्ये यांनी तो घडवला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेला. त्यात गंमत कशाची असते? एक शहाणा माणूस आणि एक आगाऊ बाहुला, यांच्या बोलण्याची. ओठ न हलवता बोलायची ती विद्या, शब्दभ्रम म्हणतात तिला, ती वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. ती आम्हाला जमणार नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर मंडळी दोऱ्यांवर कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तीही पिढीजात कला, महिनाभरात उचलण्यासारखी नाही. पण दोघांचं बोलणं आपल्याला जमेल, असं वाटलं. म्हणून आम्ही वाटणी केली. एक बाई पडद्यापुढे मुलांसमोर उभी राहते, ती आजी. दुसरी पडद्यामागे बसून हातात बाहुली घालते आणि तिचा आवाजही स्वतःच काढते. त्यामुळे भरलेल्या आवाजाची कटकट संपली आणि पडदा उचलणाऱ्या पोरावर नजर ठेवायला पुढे माणूस आला.

बाहुली आम्ही मोज्याची करतो. शाळेचे गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे घ्यायचे, म्हणजे कोपरापर्यंत हात झाकतो. बोटांकडच्या टोकाला आडवी चीर द्यायची, तेच तोंड. जाड पुठ्ठ्याचा लांबट गोल कापायचा, आपल्या तळहाताहून थोडा मोठा. तो मधोमध दुमडून त्यावर लाल कापड लावायचं आणि मोज्याच्या चिरेला कडेने शिवायचं. नुसतं चिकटवलं तर दुसऱ्या खेळात सुटतं, हा आमचा अनुभव. डोक्यात थोडा स्पंज भरायचा. डोळे पांढऱ्या कापडाच्या गोलावर काळं बटण लावून करायचे आणि ते नाकाच्या जवळ शिवायचे. डोळे बाजूला गेले की बाहुली कुणाकडेच बघत नाही. बटण ओढून बघा, सैल असेल तर लहान मूल ते काढून तोंडात घालेल. आमचं पहिलं माकड गडद तपकिरी होतं आणि पडदा काळा. मागच्या मुलांना माकड दिसलंच नाही. आता माकड फिकट बदामी आणि पडदा गडद निळा, जुन्या चादरीचा.

आता हात. बोलताना आपली चारही बोटं वर उडतात आणि बाहुली दर शब्दाला मान मागे टाकते. तसं करायचं नाही. वरची बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली पाडायचा, जबडा पडतो तसा. 'जां-भूळ' म्हणताना जबडा दोनदा उघडणार. गप्प असताना तोंड मिटलेलं. मुलं जमिनीवर बसलेली असतात, म्हणून मनगट थोडं पुढे वाकवायचं, तेव्हा बाहुली त्यांच्याकडे बघते. नाहीतर ती पंख्याकडे बघत बोलते. तीन-चार मिनिटांत हात भरून येतो आणि बाहुली पडद्यात बुडायला लागते. हे मागे बसलेल्या बाईला कळत नाही, समोरून दिसतं. म्हणून आमची आजी हळूच म्हणते, "बंड्या, नीट उभा राहा रे!" मुलं हसतात आणि मागचीला इशारा मिळतो. सराव आरशासमोर करा किंवा मोबाईलवर चित्रण करून बघा. आम्ही पंधरा दिवस रोज दहा मिनिटं केला. घरची माणसं हसली. हसू द्यावीत.

गोष्ट आमच्या गावाच्या नावाची आहे. आजीच्या टोपलीत जांभळं आहेत. ती मुलांना सांगते, "मी पाणी आणायला जाते, टोपलीवर लक्ष ठेवा." आजी पाठ फिरवते, बंड्या माकड येतं, टोपलीत तोंड घालतं आणि खाली पळतं. मुलं ओरडतात. आजी वळते, तर कुणीच नाही. असं तीनदा. मग आजी विचारते, "बंड्या, जांभळं तू खाल्लीस?" "मी? छे! मी तर आज उपवास धरलाय." "मग जीभ दाखव." बंड्या वर येतो, तोंड उघडतो, तर जीभ जांभळीजर्द! इथे मुलांचा आवाज इतका होतो की शेजारचे डोकावतात.

ही जादू साधी आहे. बंड्याची जीभ लाल कापडाची, तिच्यावर चिकटपट्टी शिवलेली, चपलांना असते ना कर्रकन् निघणारी, तीच. जांभळी जीभ वेगळी, मागच्या बाईच्या मांडीवर ठेवलेली. बंड्या तिसऱ्यांदा खाली जातो तेव्हा ती दुसऱ्या हाताने लावून टाकते. कर्रकन् आवाज उघडताना होतो, लावताना नाही, म्हणून हीच पट्टी सोयीची. तोपर्यंत वेळ काढायचं काम आजीचं. एकदा जीभ मांडीवरून घरंगळली. आजीने मुलांना टोपलीतली उरलेली जांभळं मोजायला लावली, दोनदा, आणि तेवढ्यात मागे जीभ सापडली.

बघा, यात गोष्ट अशी फारशी नाहीच. मुलांना खरं माहीत असतं आणि आजीला माहीत नसतं, म्हणून ती जागची हलत नाहीत. पहिल्या खेळात आम्ही मुलांना करायला काहीच ठेवलं नव्हतं. आता सुरुवातीची तीन मिनिटं बंड्या वाढदिवसाच्या मुलाचं नाव चुकीचं घेतो आणि सगळी मिळून त्याला सुधारतात. नाव आधी घरच्यांकडून नीट लिहून घ्यायचं. शेवटी ज्याला हवं त्याने बंड्याशी हात मिळवायचा. लाजणाऱ्या मुलाला पुढे ढकलू द्यायचं नाही, त्याच्या आईलाही नाही.

कामाचा फोन आला की आम्ही आधी वय विचारतो. आपल्याकडे पहिला वाढदिवस सर्वांत थाटाचा. पण वर्षाचं बाळ बाहुली बघून रडतं. अशा घरी आम्ही स्पष्ट सांगतो, की बाळासाठी नको, चार ते आठ वर्षांची पाच-सात मुलं येणार असतील तरच बोलवा. दुसरा प्रश्न केक कधी कापणार. खेळ केकच्या आधीच झाला पाहिजे. केकनंतर मुलांच्या हातात बशी असते आणि मोठी माणसं जेवणाकडे वळतात. तिसरी गोष्ट, खेळ चालू असताना गाणी बंद. खोलीत खिडकीकडे पाठ करून पडदा लावू नका, मागून उजेड आला तर बाईची सावली पडद्यावर दिसते. दोन खिडक्यांच्या गजांना दोरी किंवा कपडे वाळत घालायचा स्टँड, एवढ्यावर पडदा होतो. मुलांची सतरंजी पडद्यापासून चार हात लांब घाला.

काम कसं मिळालं, ते सांगतो. फसलेल्या खेळानंतर नवा खेळ आम्ही अंगणवाडीत फुकट केला, दोनदा. तिथे मुलं कुठे चुळबुळतात ते कळलं आणि आम्ही गोष्टीतून एक अख्खा कोल्हा काढून टाकला. मग बदलापूरच्या एका सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका वाण घेत होत्या, मुलं पायात पायात येत होती. आम्ही म्हटलं, मुलांना वीस मिनिटं आम्ही सांभाळतो. त्या संध्याकाळी समोर तीस आया बसल्या होत्या. त्यातून दोन वाढदिवस ठरले. तिसरं काम केक करणाऱ्या एका बाईंनी दिलं. कुणाचा वाढदिवस कधी, हे तिला आपल्या आधी कळतं. तिने काम दिलं तर तिचे शंभर रुपये आम्ही न मागता देतो. व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण पाठवतो, त्यात फक्त बंड्या आणि आजी. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकत नाही.

पैशाचा हिशेब असा. आम्ही पंधराशे घेतो, पाचशे आधी. रिक्षाला जाऊनयेऊन तीनशे जातात, कारण रात्री परत गावाकडे यायला रिक्षावाले एकेरी भाड्यात तयार होत नाहीत. दोघींना पाचशे-पाचशे. उरलेले दोनशे गटाच्या खात्यात. ज्या कामाला केकवालीचे शंभर जातात, त्या कामाला गटाला शंभरच. पहिल्या दोन कामांचे पैसे मात्र दोघींनी घेतलेच नाहीत, त्यातूनच ते दोन हजार फिटले. महिन्यात दोन-तीन कामं होतात, पावसाळ्यात एखादं. ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यात मसालेच कुटावे लागतात.

परवा एका घरी वेगळीच अडचण आली. मागच्या वर्षीचीच मुलं समोर होती. आजीने पाठ फिरवायच्या आधीच एक जण ओरडला, "आजी, तो खाणार आहे, जीभ जांभळी होणार आहे!" आजी म्हणाली, "मग या वेळी तूच पकड त्याला," आणि त्यालाच टोपलीपाशी बसवलं. निभावलं. पण त्या सोसायटीत आता दुसरी गोष्ट लागणार, म्हणून सध्या आम्ही मोज्याची एक म्हैस शिवतोय. तिची शिंगं उभी राहत नाहीत. आत काय भरावं, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर केंद्राच्या पत्त्यावर जरूर कळवा.