अँटिबायोटिकनंतर सुटलेली खाज : पांढरं जाणं सगळं एकसारखं नसतं
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला गटांच्या आरोग्य शिबिरातील बोलणं, शब्दांकन करून)

मैत्रिणींनो, आजचा विषय मी मुद्दाम लहान घेतला आहे. अंगावरून पांढरं जाणं हा विषय आपल्या गटांत शंभर वेळा झाला असेल. अशक्तपणा, उष्णता, हाडं झिजून पाणी जातंय, ही सगळी बोलणी आपण ऐकलेली आहेत. हाडं झिजून योनीतून काही बाहेर पडत नाही, एवढं आधीच सांगून टाकते. आज बोलायचं आहे ते एका ठरावीक प्रसंगाबद्दल. दात दुखला, खोकला झाला, लघवीला जळजळ झाली म्हणून डॉक्टरांनी पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. मूळ दुखणं गेलं आणि खाली मरणाची खाज सुटली. असं का होतं, आणि ते दुसऱ्या कशापासून वेगळं कसं ओळखायचं?

आपल्याकडे याची मोजणी फार उशिरा झाली. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ती १९८९ साली छापून आली. त्यांत ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार निघाला, आणि त्याआधी कधी तरी आतली तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघर, आणि बघितलेलं कुणीच नाही. न बघता औषध देण्याची आपल्याकडची सवय तिथूनच आली आहे, आणि आजची गोष्ट त्या सवयीचीच आहे.

आधी आतलं काम समजून घेऊ. निरोगी योनीत नेहमी थोडा आंबटपणा असतो. तो ठेवणारे जंतू दह्याच्या विरजणातल्या जंतूंच्या कुळातले, लॅक्टोबॅसिलस नावाचे. विरजण चांगलं लागलेल्या दुधात दुसरं काही सहसा वाढत नाही, तसंच इथे. त्याच जागी पुष्कळ बायकांच्या अंगात कॅन्डिडा नावाची बुरशी, म्हणजे यीस्ट, अगदी थोडी, गुपचूप राहत असते. तिचा काही त्रास नसतो. अँटिबायोटिक जंतूंना मारतं, बुरशीला नाही. दाढेतल्या जंतूंसाठी घेतलेली गोळी रक्तातून सगळीकडे जाते आणि राखणीला बसलेले जंतूही कमी करते. राखणदार हटला की बुरशी फोफावते. म्हणून त्रास गोळ्या चालू असतानाच, किंवा संपल्यावर एक-दोन आठवड्यांत सुरू होतो. प्रत्येकीला होतो असं नाही. जिच्या अंगात बुरशी आधीच नाही, तिला सहसा होत नाही. गरोदर बाई, साखरेचा आजार असलेली, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या खाणारी, यांना मात्र लवकर होतो.

आता एक बाई डोळ्यासमोर आणा. अशा चार-पाच जणींच्या हकिकती एकत्र करून मी ती सांगते आहे. तासगावकडच्या द्राक्षबागेत मजुरी करणारी, वय तीस, दोन मुलं. दाढेला पू झाला म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी दाढ थांबली आणि रात्री खाजेनं झोप उडाली. पांढरं, घट्ट, फुटलेल्या दह्याच्या गुठळ्यांसारखं जात होतं. वास काही नव्हता. लघवी केली की बाहेरच्या कातडीला झोंबायचं, पण लघवीला कळ नव्हती किंवा पुन्हा पुन्हा जावं लागत नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा. लघवीच्या रोगात जळजळ आतून होते, इथे लघवी लागून बाहेरची सोललेली कातडी झोंबते.

सासूबाई म्हणाल्या उष्णता, सब्जा पी. तिनं डेटॉलच्या पाण्यानं धुतलं, मग अंगाच्या साबणानं. कातडी आणखी भाजली. चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेली, गर्दीत हळू आवाजात म्हणाली, “पांढरं जातंय, खाज आहे.” दुकानदारानं इन्फेक्शन म्हणून आणखी एक अँटिबायोटिक दिलं, सोबत मेट्रोनिडॅझोल, आणि एक ट्यूब. ट्यूबेत तीन औषधं एकत्र होती : बुरशीचं, जंतूंचं आणि एक कडक स्टिरॉइड. स्टिरॉइडनं खाज दोन दिवस दबली, म्हणून तिला वाटलं गुण येतोय. आत बुरशी तशीच होती आणि राखणदार आणखी कमी झाले होते. ट्यूब थांबवली की खाज दुप्पट. तोवर नवऱ्यानं विचारलंच, “हे कुठून आणलंस?”

हा प्रश्न आपल्या सगळ्या गटांत येतो, म्हणून इथे थांबते. कॅन्डिडाची खाज हा गुप्तरोग नाही. ती बुरशी तिच्याच अंगात होती, गोळ्यांनी तिला मोकळीक मिळाली. संबंध न आलेल्या मुलींनाही ती होते. नवऱ्याला सरसकट औषध द्यावं लागत नाही, त्याच्या शिश्नावर लाली-खाज असेल तरच. हे कुणी डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी नवऱ्यासमोर म्हटलं तर घरातली कितीतरी भांडणं, आणि मारही, टळतो. आपल्या कार्यकर्त्यांनी तपासणीच्या वेळी हे वाक्य मुद्दाम म्हणून घ्यावं.

पण उलटंही खरं आहे. पांढरं जातंय म्हणजे बुरशीच, असं धरून बसू नका. सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो जंतूंचं संतुलन बिघडल्यानं होणाऱ्या त्रासाशी. यात स्राव पातळ, करडट पांढरा, आणि त्याला मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर आणि पाळीनंतर जास्त. खाज मात्र नसते किंवा थोडी असते. इथे औषध मेट्रोनिडॅझोल. म्हणजे त्या दुकानदारानं दिलेलं औषध वाईट नव्हतं, ते दुसऱ्या रोगाचं होतं. बुरशीवर ते काडीचंही काम करत नाही. दुसरा ट्रायकोमोनास. याचा स्राव पिवळसर-हिरवा, कधी फेसाळ, वास घाण, आणि खाजही असते, म्हणून फसायला होतं. हा संबंधातून येतो, इथे नवऱ्याला औषध द्यायलाच हवं, नाही तर बाई बरी होऊन पुन्हा आजारी पडते. आणि गर्भाशयाच्या तोंडाला गोनोरिया किंवा क्लॅमिडिया झाला तर खाज बहुधा नसतेच. पुवासारखं जातं, संबंधानंतर रक्त जातं, ओटीपोट दुखतं, किंवा काहीच कळत नाही.

नुसत्या लक्षणांवर किती भरवसा ठेवायचा? फार नाही. अमेरिकेत दुकानातून स्वतःच बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या बायकांची तपासणी केली, २००२ मध्ये ती छापली. जेमतेम एक तृतीयांश जणींनाच निव्वळ बुरशी होती. शिकलेल्या, आधी हा त्रास होऊन गेलेल्या बायकाही चुकतात. आपल्या बाईची अँटिबायोटिकची हकिकत हा चांगला पुरावा आहे, पण पक्का नाही.

पक्कं करायला मोठी यंत्रं लागत नाहीत. आतली तपासणी करताना योनीच्या भिंतीवरचा थोडा स्राव आंबटपणा दाखवणाऱ्या कागदावर लावतात. बुरशीत आंबटपणा बहुधा तसाच राहतो, म्हणजे आकडा ४.५ च्या आत. वर गेला तर जंतूंचा त्रास किंवा ट्रायकोमोनास मनात आणायचा. मग एक थेंब काचेवर घेऊन पोटॅशचं पाणी टाकायचं. पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकात बुरशीचे धागे व कळ्या दिसतात. मासळीचा वास उसळला तर दुसरी बाजू. सगळं पाच-दहा मिनिटांचं काम. काचेवर काही दिसलं नाही म्हणजे बुरशी नाहीच असंही नाही, थोडी असेल तर निसटते.

जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे सरकारी दवाखान्यात हिरव्या रंगाचं पाकीट देण्याची पद्धत आहे. त्यात सेकनिडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, म्हणजे जंतूंचं, ट्रायकोमोनासचं आणि बुरशीचं एकाच वेळी. नेम न धरता तिन्ही पाखरं मारायची. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, पण याच्या आधी आत बघायला हवं, आणि बहुतेक वेळा चुकतं ते तेच. पाकीट हातात देऊन बाईला वाटेला लावलं तर गर्भाशयाच्या तोंडावरची जखम कोण बघणार?

आपल्या बाईला शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. भिंतीला चिकटलेले पांढरे पापुद्रे, लाली, कागदावर आकडा चार, काचेवर धागे. ट्यूब आणि डेटॉल बंद. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी, १०० मिलिग्रॅम, सहा रात्री. कुणाला ५०० मिलिग्रॅमची एकच देतात, किंवा फ्लुकोनॅझोल १५० ची एक गोळी तोंडानं. गुण सारखाच येतो. गरोदरपणात मात्र तोंडाची फ्लुकोनॅझोल नको, योनीतलीच गोळी सात रात्री. योनीची गोळी पाण्याबरोबर गिळणाऱ्या बायका असतात, म्हणून देताना समजावून सांगा : रात्री आडवं पडून, गुडघे वर घेऊन, बोटानं आत खोल ठेवायची, आणि रोज ठेवायची, खाज थांबली तरी. या दिवसांत निरोधवर विसंबू नका, या औषधांनी रबर कमजोर होतं. खाज दोन-तीन दिवसांत उतरते. आठवड्यात उतरली नाही तर निदान चुकलंय किंवा बुरशी वेगळ्या जातीची आहे, जिच्यावर फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही. पुन्हा तीच गोळी नको, पुन्हा तपासणी.

आपल्या मनानं अँटिबायोटिक मध्येच सोडून देऊ नका. खाज सुटली की लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. दही खाऊन नुकसान नाही, पण त्यानं ही बुरशी जाते असा भरवशाचा पुरावा नाही. लसूण आत ठेवायची तर मुळीच नाही, भाजतं.

ताप, ओटीपोटात कळ, रक्त, फोड, पाळी चुकलेली असेल किंवा पाळी गेल्यावर स्राव सुरू झाला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून तपासायला जा. आणि वर्षात तीन-चार वेळा ही खाज परत येत असेल, अँटिबायोटिक घेतलेलं नसतानाही, तर रक्तातली साखर तपासून घ्या. तासगाव असो की कराड, चाळिशीतल्या कितीतरी बायकांना साखर आहे हे पहिल्यांदा कळतं ते या खाजेमुळेच.